एडिटरला नुसती कबुली नको, छापायला तयार दुरुस्ती पाठवा

प्रश्न: माझा पेपर सहा महिन्यांपूर्वी छापून आला. आता एका तक्त्यात माझ्याच हातून झालेली चूक सापडली आहे. गाईड म्हणतात, कुणाच्या लक्षात आलेलं नाही, राहू दे. मला एडिटरला कळवायचं आहे. मेल नेमका कसा लिहू?

उत्तर: मी निपाणी भागातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. असा मेल मलाही लिहावा लागला आहे, आणि पहिल्या खेपेला तो नीट लिहिता आला नव्हता. काय चुकलं आणि मग काय केलं, ते सांगतो.

आमचा पेपर दूधगंगा आणि वेदगंगेच्या पट्ट्यातल्या ४८ विहिरी-बोअरच्या पाण्यातल्या नायट्रेटवर होता. इकडे ऊस भरपूर, युरियाही भरपूर, आणि तो पाण्याबरोबर खाली झिरपतो. ३० नमुने आम्ही कॉलेजातच तपासले. उरलेले १८, म्हणजे नदीकाठच्या विहिरींचे, बाहेरच्या प्रयोगशाळेत दिले, कारण त्या महिन्यात आमचं यंत्र बंद होतं. आमचे आकडे पूर्ण नायट्रेटचे होते. बाहेरून आलेल्या रिपोर्टवर मात्र रकान्याच्या माथ्यावर बारीक अक्षरात NO3-N लिहिलं होतं, म्हणजे फक्त नायट्रेटमधल्या नायट्रोजनचं वजन. मी ते वाचलं नाही. दोन्ही रकाने एकाच शीटमध्ये एकाखाली एक चिकटवले.

नायट्रेटचं वजन ६२ आणि त्यातल्या नायट्रोजनचं १४, त्यामुळे ते १८ आकडे ४.४३ नं गुणायला हवे होते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. एका विहिरीचा आकडा आम्ही १२.६ छापला. ४५ च्या शेजारी तो किती निर्धास्त दिसतो! प्रत्यक्षात ते पाणी ५५.८ चं होतं.

चूक पकडली ती पुढच्या वर्षी प्रोजेक्टला आलेल्या विद्यार्थिनीनं. पाण्यातल्या धन आणि ऋण आयनांची बेरीज जवळपास सारखी यावी लागते. तिनं आमचेच आकडे घेऊन हा ताळेबंद मांडला. त्या विहिरीत धन आयन ७.२ मिलिइक्विव्हॅलंट होते आणि ऋण ६.४, म्हणजे तफावत ५.९ टक्के. पाच टक्क्यांपर्यंत आम्ही चालवून घेतो. एखाद्याच विहिरीत असं झालं असतं तर मापनातली गडबड म्हणून सोडून दिलं असतं, पण अठराही ठिकाणी ऋण बाजूच कमी पडत होती. कमी एकाच बाजूची आणि एकाच गठ्ठ्यातली असेल तर ती योगायोगाची नसते. आकडा गुणून घातला तेव्हा ऋण आयन ७.१ झाले आणि तफावत एक टक्क्याच्या आत आली. मग जुन्या फायलीतून रिपोर्ट काढला आणि ती बारीक अक्षरं दिसली.

तुम्हीही मेलच्या आधी एवढं करा. चूक आहे याची खात्री मूळ नोंदीवरून करून घ्या आणि ती कुठवर पोचते ते शोधा. पेपरची प्रिंट काढून त्या आकड्यांवर उभं असलेलं प्रत्येक वाक्य मी लाल पेनानं खुणावलं. एक तक्ता बदलायचा असं वाटत होतं. निघाला एक तक्ता, एक आकृती, सारांशातलं एक वाक्य आणि निष्कर्षातला एक अख्खा परिच्छेद. हे न करता 'निष्कर्षावर परिणाम होत नाही' असं लिहू नका. एडिटर पहिल्यांदा तेच वाक्य तपासतो.

माझ्या पहिल्या मेलमध्ये दोन परिच्छेद दिलगिरीचे होते आणि शेवटी 'तक्ता ३ मधले काही आकडे चुकीचे आहेत, कृपया योग्य ते करावे' एवढंच. उत्तर आलं की नेमके कोणते आकडे, किती बदलले, निष्कर्षाचं काय, बाकीच्या लेखकांचं काय म्हणणं आहे? तेव्हा कळलं की एडिटरला करायचं काम ठरलेलं असतं: एक छोटी सूचना छापायची आणि ती मूळ लेखाला जोडायची. ती सूचनाच आपण लिहून द्यायची. आधी दुरुस्तीचा मजकूर तयार करा, मग त्याभोवती मेल लिहा. आमचा दुसरा मेल इंग्रजीत गेला, मराठीत तो असा होता:

> विषय: प्रकाशित लेखात दुरुस्तीची विनंती: तक्ता ३ मधील एककाची चूक (हस्तलिखित क्रमांक, डीओआय)
>
> माननीय संपादक,
>
> आपल्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या आमच्या लेखात (शीर्षक, वर्ष, खंड) आम्हा लेखकांकडून झालेली एक चूक आढळली आहे. तक्ता ३ मधील विहीर क्रमांक ३१ ते ४८ यांचे आकडे नायट्रेट-नायट्रोजनचे आहेत, पण ते नायट्रेट म्हणून छापले गेले. ते ४.४३ ने गुणायला हवे होते.
>
> त्यामुळे ४५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडणाऱ्या विहिरी ११ नसून १८ आहेत, म्हणजे २२.९ टक्के नसून ३७.५ टक्के. सारांशातील चौथे वाक्य, तक्ता ३, आकृती ४ आणि निष्कर्षाचा दुसरा परिच्छेद बदलतो. उसाच्या पट्ट्यात नायट्रेट जास्त असल्याचा निष्कर्ष कायम राहतो. 'नदीकाठच्या विहिरी तुलनेने सुरक्षित आहेत' हे विधान टिकत नाही, ते आम्ही मागे घेत आहोत.
>
> दुरुस्तीचा मजकूर, सुधारित तक्ता व आकृती, प्रयोगशाळेचा मूळ रिपोर्ट आणि हिशेबाची शीट सोबत जोडली आहे. तिन्ही लेखकांची संमती असून सर्वांना या मेलची प्रत पाठवली आहे. कोणत्या स्वरूपात दुरुस्ती करावी, हा निर्णय आपला आहे.

दिलगिरीचं एखादं वाक्य घातलं तरी चालेल, पण चूक कुणाच्या हातून झाली याची कहाणी नको. बाहेरच्या प्रयोगशाळेलाही मी दोष दिला नाही. त्यांनी एकक लिहिलं होतं.

शेवटचं वाक्य मुद्दाम तसं ठेवलं होतं. लेखकाची चूक असेल तर जुन्या पद्धतीत त्या सूचनेला कॉरिजेंडम म्हणतात आणि छापणाऱ्याची असेल तर इरेटम. आता बरीच नियतकालिकं दोन्हीला सरळ करेक्शन म्हणतात. चुकीमुळे पेपरचा कणाच मोडत असेल तर मात्र करेक्शन पुरत नाही, लेख मागे घ्यावा लागतो. काही ठिकाणी मागे घेऊन सुधारलेला लेख पुन्हा छापतात. प्रकाशन-नीतीवर काम करणाऱ्या 'कोप' या संस्थेची त्याबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं खुली आहेत, मेलच्या आधी वाचा. तुमच्याकडे मुख्य निष्कर्षच उलटत असेल तर तेही मेलमध्ये सरळ लिहा. एडिटरनं ते स्वतः शोधून काढण्याची वेळ येऊ देऊ नका.

'जुनी पीडीएफ काढून नवी टाका' असंही मागू नका. ज्यांनी जुनी उतरवून घेतली, ज्यांनी तिचा संदर्भ दिला, त्यांना बदल कळणारच नाही. दुरुस्तीची सूचना स्वतंत्र छापली जाते, तिला स्वतःचा डीओआय मिळतो आणि मूळ लेखाच्या पानावर तिचा दुवा लागतो. तो दुवा खरंच लागला का, हे छापून आल्यावर स्वतः पाहा. आमच्या वेळी तो लागला नव्हता, आणखी एक मेल करावा लागला. एडिटरचं उत्तर तीन आठवडे आलं नाही तर त्याच मेलच्या साखळीत आठवण करा आणि संपादकीय कार्यालयाच्या पत्त्यालाही प्रत टाका.

आता तुमच्या गाईडबद्दल. बहुतेक वेळा कॉरस्पाँडिंग लेखक तेच असतात आणि मेल त्यांच्याकडून जाणं बरं. 'सर, चूक कळवायची का?' असं विचारायला गेलात तर 'राहू दे' हेच उत्तर येईल. त्यापेक्षा तयार मजकूर, सुधारित तक्ता आणि मूळ रिपोर्ट त्यांच्या टेबलावर ठेवा आणि म्हणा, 'सर, मी हे तयार केलंय, एकदा तपासून द्या.' आमच्या तिघांतले एक चिकोडीचे सर, वयानं मोठे, सुरुवातीला नाराज होते. कागद समोर ठेवल्यावर त्यांनी तासभर बसून सगळे गुणाकार स्वतः तपासले आणि विहीर ४१ मधली माझी एक चूक काढली. तरीही गाईड अडून बसले तर कुठलाही लेखक एडिटरला लिहू शकतो. कुणाची संमती आहे आणि कुणाची नाही, तेवढं प्रामाणिकपणे नमूद करा. नेचरच्या नियमांत तर लेखकांचं एकमत नसेल तर एडिटर स्वतंत्र तज्ज्ञांचा सल्ला घेतात आणि असहमत लेखकांची नोंद दुरुस्तीतच करतात. तुम्ही अजून विद्यार्थी असाल तर आधी विभागप्रमुखांशी बोला, म्हणजे एकटे पडणार नाही.

तोच तक्ता तुमच्या प्रबंधात असेल तर तिकडची दुरुस्ती वेगळी करावी लागेल. नियतकालिकातल्या करेक्शननं प्रबंध बदलत नाही. तुमच्या आकड्यांवर कुणी पुढचं काम केलं असेल तर त्यांनाही दोन ओळींचा मेल करा.

आमच्या आकड्यांवर सगळ्यात आधी विसंबले होते ते विहिरींचे मालक. नमुने घेतले त्या वर्षी आम्हीच घरोघरी सांगितलं होतं की पाणी ठीक आहे. एडिटरचं पहिलं उत्तर यायच्या आधीच मी आणि ती विद्यार्थिनी दुरुस्तीनंतर नव्यानं मर्यादा ओलांडणाऱ्या सात घरी जाऊन आलो. ५५.८ वाल्या विहिरीच्या अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग गेल्या वर्षी बरं हाय म्हणाला होतासा की." मी म्हटलं, "माझा आकडा चुकला होता, अण्णा." त्यांची सून सहा महिन्यांच्या बाळाला त्याच पाण्यात दुधाची पावडर कालवून देत होती. पाणी उकळून घेते, असं ती म्हणाली. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटलं की दाट होतं. एवढ्या लहान बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद त्यानं कमी होऊ शकते. गावात आरओचं शुद्ध पाण्याचं केंद्र आहे. बाळासाठी तिथलंच पाणी वापरायचं, हे तिला सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी अण्णा रिकामा कॅन सायकलला अडकवून तिकडे गेले.