घड्याळाचा धातूचा पट्टा आखूड करताना: वाचकांची प्रश्नोत्तरे

नवं घड्याळ हातात गोल फिरतं. किती कड्या काढायच्या, हे आधीच कसं कळेल?

घड्याळ घाला आणि डबी मनगटाच्या मध्यावर आणा. आता लॉकच्या शेजारी पट्ट्याचा सैल भाग चिमटीत धरून उभा करा. चिमटीच्या तळाशी ज्या दोन कड्या एकमेकींना टेकतात त्या राहणार, वर उभ्या राहतात त्या जास्तीच्या. मात्र लगेच तेवढ्या काढू नका. आधी पट्टीने एका कडीची लांबी मोजा आणि लॉकच्या कडेला असलेली बारीक भोकं पाहा. पट्टा लॉकला जोडणारी स्प्रिंगची दांडी, म्हणजे स्प्रिंग बार, त्या भोकांत सरकवली की कडी न काढताही थोडा फरक पडतो.

एक उदाहरण घेऊ. सैल भाग २० मिमी आहे, कडी ८ मिमीची आहे आणि लॉकच्या दोन भोकांमध्ये ३ मिमी अंतर आहे. दोन कड्या काढल्या की १६ मिमी कमी होतात आणि ४ उरतात. स्प्रिंग बार एक भोक आत घेतला की १ मिमी उरतो, तो तसाच ठेवा. लॉकखाली करंगळी अडकत अडकत जाईल इतकी जागा हवीच, कारण उन्हाळ्यात आणि चालताना मनगट फुगतं. तीन कड्या काढून स्प्रिंग बार सगळ्यात बाहेरच्या भोकात घेतला तरी माप जवळपास जमेल, पण मग पट्टा आणखी सैल करायला जागाच उरत नाही. स्प्रिंग बार मधल्या भोकांपैकी एकात राहील असाच हिशोब करावा.

कड्या लॉकच्या दोन्ही बाजूंनी सारख्या काढा. विषम संख्या असेल तर जास्तीची कडी ६ च्या आकड्याकडून काढून पाहा. लॉक मनगटाच्या मागे मध्यावर बसलं की जमलं.

कडीच्या आतल्या बाजूला कोरलेल्या बाणाच्या दिशेने पिन ढकलून काढली. परत बसवली तर ती बोटाने हलते. काढताना एक छोटीशी नळी टेबलावर पडली होती, ती कुठली?

ती नळी हाच पिनचा खरा आधार आहे, जपून ठेवा. काही पट्ट्यांत पिन ही नुसती गुळगुळीत सळई असते. तिला धरून ठेवते ती तांदळाच्या दाण्याहूनही लहान अशी नळी, तिला कॉलर म्हणतात. पिन बाहेर आली की कॉलर सुटून खाली पडते, आणि कळलंही नाही तर पट्टा दिसायला नीट जोडलेला असतो. चार दिवसांनी पिन सरकत सरकत बाहेर येते आणि घड्याळ फरशीवर पडतं.

कॉलर कुठे बसते हे भोकांतच दिसतं. कडीच्या भोकांत भिंगातून पाहा. एक भोक तोंडाशी जरा रुंद असतं, तेच तिचं घर. बहुतेक वेळा ते मधल्या कडीत असतं, पण काही पट्ट्यांत बाहेरच्या कडीच्या टोकालाही असतं. चिमट्याने कॉलर त्या रुंद तोंडात ठेवा, न निसटू देता कड्या एकमेकींत सरकवा आणि भोकं एका रेषेत आणा. पिन बाणाच्या उलट दिशेने, म्हणजे ज्या बाजूने बाहेर आली त्याच बाजूने, हाताने आत घाला. ती कॉलरपर्यंत जाऊन अडते. तिथून पुढे पिन सरळ धरून प्लॅस्टिकच्या हातोडीने हलक्या टिचक्या मारा, दोन्ही टोकं कडीच्या कडेशी समपातळीत येईपर्यंत. पिन तिरकी गेली तर कॉलर चेमटते आणि तिची पकड कायमची जाते.

शेवटी बोथट टोकाने पिन जोरात दाबून पाहा. बोटाच्या जोराने हलली तर कॉलर जागेवर नाही. गोंद लावून भागवू नका. एक कडी काढायला दोन पिना निघतात आणि परत एकच लागते, त्यामुळे एक पिन आणि एक कॉलर नेहमीच शिल्लक राहते. तीच वापरा. हे सगळं पांढऱ्या कापडावर, कडा असलेल्या ताटात करा, नाहीतर कॉलर शोधण्यात संध्याकाळ जाते.

पिन हलतच नाही. जोर केला तर पिन काढायच्या साधनाचं टोक वाकलं. आता?

आधी पिनच्या दोन्ही बाजू पाहा. एका टोकाला खाच दिसली तर तो स्क्रू असू शकतो, मग ठोकणं ताबडतोब थांबवा. खाच नसेल आणि बाणाची दिशाही बरोबर असेल तर बहुतेक घाम आणि मळ सुकून पिन चिकटली आहे. पट्टा घड्याळापासून सोडवा, म्हणजे पाणी डबीत जाणार नाही. मग कोमट साबणपाण्यात तासभर ठेवा आणि सांध्यांवर मऊ ब्रश फिरवा.

पिन काढायच्या साधनाची बारीक सुई फक्त पिनला सुरुवातीचा धक्का देण्यापुरती असते. ती पिनशी अगदी सरळ रेषेत नसेल तर लगेच वाकते. पिन जरा सरकली की पुढचं काम ठोशाने, म्हणजे पिनपेक्षा किंचित बारीक सरळ सळईने, हातोडीच्या टिचक्या मारत करा.

काही पिनांचं एक टोक फाटलेलं असतं. ती बाणाच्या उलट दिशेने घालताना अखंड टोक आधी आणि फाटलेलं टोक शेवटी जातं. ढिली वाटली तर ब्लेडने ती फट किंचित उघडा, पकड परत येते. एवढं करूनही पिन तसूभर हलली नाही, तर घड्याळजींकडे न्या. जास्त ठोकल्यास भोकाची कड उभारते आणि मग नवी पिनही बसत नाही.

स्क्रू असलेल्या कड्या घरी काढता येतील?

येतील, पण पेचकसाचं पातं खाचेच्या लांबी-रुंदीत नेमकं बसलं पाहिजे. बारीक पातं खाच कुरतडतं. स्क्रूला अनेकदा आटे पकडणारं द्रव लावलेलं असतं. फिरला नाही तर तेवढ्या कडीवर केस सुकवायच्या यंत्राची गरम हवा द्या, द्रव सैल होतं. दोन्ही टोकांना खाच असेल तर एक पेचकस एका टोकाला अडवून धरा आणि दुसऱ्याने फिरवा. बसवताना आट्यांवर मध्यम ताकदीचं निळं द्रव टाचणीच्या टोकाएवढंच लावा, जास्त झालं तर सांधा जाम होतो. टायटॅनियमचे स्क्रू जोराने फिरवले तर आटेच एकमेकांत अडकतात, म्हणून ते जाणकाराकडूनच काढून घ्या.

आईचं सोन्याच्या पट्ट्याचं घड्याळ आहे. ते सराफाकडेच द्यावं का?

हो. सोनं मऊ असल्यामुळे ठोकताना भोक लगेच रुंदावतं, आणि अनेक जुन्या पट्ट्यांच्या कड्या डाग देऊन बंद केलेल्या असतात. त्या कापून पुन्हा डाग द्यावा लागतो, त्यासाठी सराफाचीच भट्टी आणि हात हवा. पण देताना दोन गोष्टी स्पष्ट सांगा. डाग देण्याआधी पट्टा घड्याळापासून सोडवायला हवा, कारण उष्णतेने डबीतली सीलची रिंग आणि बॅटरी खराब होते. आणि पट्ट्याचं वजन तुमच्यासमोर कामाआधी करून लिहून घ्या, काढलेल्या कड्या वजन करून परत घ्या.

सोन्याचा मुलामा असलेल्या पट्ट्याला मात्र डाग देऊ नका, उष्णतेने मुलामा काळवंडतो. तिथे पिनच बदलायची असते आणि ते काम घड्याळजीच बरं करतात. सिरॅमिकच्या कड्याही त्यांच्याचकडे न्या, हातोडीची एक टिचकी लागली तरी त्या तडकतात.