मुरबाडच्या भातशेतीवर वडिलांच्या नावाने पीक कर्ज घ्यायचंय, कागद काय लागतील आणि फेड कशी बसवायची?

"मी ऐरोलीत राहतो, नोकरी इथेच. गावी मुरबाड तालुक्यात अडीच एकर भातशेती आहे, सातबारा अजून आजोबा, वडील आणि काकांच्या नावावर आहे, आजोबा वारले. पैसा येतो तो भात विकल्यावरच, मग हप्ते भरायचे कसे?"

आमची शेती शहापूरकडे, कागदाचं काम ठाण्यात बसून मीच बघतो म्हणून सांगतो. पीक कर्जाला महिन्याचा हप्ता नसतोच, त्यामुळे ते टेन्शन सोडा. जिल्हा बँकेच्या सोसायटीतून खरिपाचं कर्ज घेतलं तर 31 मार्चपर्यंत एकरकमी भरायचं असतं. राष्ट्रीयीकृत बँकेचं किसान क्रेडिट कार्ड असेल तर शेवटची तारीख शाखेतून लेखी घ्या, तोंडी नको.

तुमचं खरं अडणार ते सातबाऱ्यावर. आजोबांचं नाव आहे तोवर बँक वडिलांचा हिस्सा धरणार कसा? आधी वारस नोंद करा, अर्ज ई-हक्क वरून ऑनलाइन होतो, मृत्यू दाखला आणि सगळ्या वारसांची नावं लागतात, आणि त्यात आत्यांचीही नावं येतात हे घरात आधीच बोलून घ्या नाहीतर तिथेच वर्ष जातं. नोटिशीचे 15 दिवस संपल्यावर फेरफार मंजूर होतो, म्हणजे काही तक्रार आली नाही तरच. जूनच्या पेरणीला पैसा हवा असेल तर हे काम जानेवारी-फेब्रुवारीत काढा. खातं सामाईक राहिलं तर कर्ज वडिलांच्या हिश्शापुरतंच धरतात आणि काका वगैरे बाकीच्यांचं संमतीपत्र मागतात.

बाकी कागद सोपे आहेत. ताजा सातबारा आणि 8अ (सही असलेला digitalsatbara.mahabhumi.gov.in वर मिळतो, 15 रुपये), नवा फेरफार, आधार, पॅन, फोटो, शेतकरी ओळख क्रमांक आणि आसपासच्या बँका-सोसायटीचा बेबाकी दाखला. नाव आधारवर एक आणि सातबाऱ्यावर दुसरं असं आहे का ते आधीच बघा. 2 लाखांपर्यंत तारण लागत नाही.

आता फेड. किती कर्ज मिळतं ते बघू नका, किती भात विकायला निघतो ते बघा. कर्जाचा हेक्टरी दर जिल्ह्याची समिती ठरवते, हिशेबापुरता 60 हजार धरू. तुमचं अडीच एकर म्हणजे हेक्टरभर झालं, भात 25 क्विंटल निघाला, 7 घरी खायला ठेवला, राहिला 18. 2025-26 चा साध्या भाताचा हमीभाव 2369 आहे, म्हणजे आले 42,642. घेतले 60 हजार आणि हातात 42, आणि त्यातूनच कापणी-झोडणीची मजुरी आधीच गेलेली. मंजुरी 60 ची असली तरी उचल 35 च्या आसपास ठेवा, तीही टप्प्याटप्प्याने, थोडी आवणीला, थोडी खताला, थोडी कापणीला. व्याज उचललेल्या पैशावरच लागतं.

व्याजाचं म्हणाल तर वेळेत भरलं की केंद्राची 3 टक्के आणि राज्याची पंजाबराव देशमुख योजनेची सवलत मिळून 3 लाखांपर्यंत ते जवळजवळ शून्यावर येतं. पण बऱ्याच शाखा आधी व्याज भरून घेतात आणि सवलत मागाहून खात्यात टाकतात, म्हणून 35 हजार जूनमध्ये उचलले तर 7 टक्क्यांनी होणारे दोन हजारांच्या घरातले पैसे बाजूला हवेतच. तारीख चुकली की सवलत गेली.

आणि भात नोव्हेंबरमध्ये घरात आला म्हणजे पैसा आला असं नाही. सरकारी खरेदी केंद्रावर नोंदणीला सातबारा आणि ई-पीक पाहणी लागते, पीक पाहणी राहिली तर तिथे माल चालत नाही. पुढे पैसे खात्यात यायला कधी आठवडे तर कधी महिने. आमच्याकडे ठरलेलं आहे, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत केंद्राचे पैसे आले नाहीत तर घरचा थोडा जास्तीचा भात गिरणीवाल्याला द्यायचा, भाव कमी मिळतो पण रोख मिळतो. भातामागून वाल केला असेल तर त्याचे पैसेही मार्चच्या आत येतात, पेंढा तबेलेवाले नेतात. तुमचा पगार आहे म्हणून मार्चमध्ये कमी पडतील तेवढे तुम्ही घालू शकता, पण ती रक्कम आत्ताच ठरवा. भरणा 20 मार्चच्या आत करून पावती घ्या, शेवटच्या आठवड्यात गर्दी तर असतेच आणि सर्व्हर पण बसतो.

एक प्रकार गावात सर्रास चालतो, सावकाराकडून चार दिवसांपुरते पैसे आणून कर्ज नवं-जुनं करायचं आणि नवीन उचल आली की सावकाराला द्यायची. कागदावर कर्ज फिटतं, प्रत्यक्षात बियाण्याचे पैसे सावकाराच्या व्याजात जातात. त्यापेक्षा पाऊस लांबून पीक गेलं असेल तर आधी पैसेवारी 50 च्या खाली जाहीर झाली का ते तहसीलला विचारा, तसं झालं तर बँकेकडे पुनर्गठनाचा अर्ज करता येतो, पण तो मुदत संपायच्या आधी द्या.