डिटेक्टरनं पास केलेला पुराचा व्हिडिओ खरा धरायचा का?

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर भिडे पुलावरून पाणी वाहतानाचा व्हिडिओ फिरतोय, "आज सकाळचा" म्हणून. एका ऑनलाइन डिटेक्टरमध्ये टाकला तर 'एआय असण्याची शक्यता ७ टक्के' असं आलं. मग खरा समजून पुढे पाठवू का?

उत्तर: इतक्यात नको. डिटेक्टर फक्त एवढंच बघतो की चित्र यंत्रानं बनवल्यासारखं दिसतंय का. ते कधी आणि कुठे शूट झालं, हे तो तपासतच नाही. पुराच्या दिवसांत पुण्यात फिरणाऱ्या खोट्या क्लिप बहुतेक वेळा अस्सलच असतात, फक्त जुन्या. चार-पाच वर्षांपूर्वी कोणीतरी झेड ब्रिजवरून मोबाइलवर काढलेला खराखुरा पूर. त्याला डिटेक्टर 'एआय नाही' म्हणतो, ते बरोबरच आहे. पण तुमचा प्रश्न तो नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे अशीच एक क्लिप आली होती. ती कशी तपासली ते सांगतो, तुमच्याही कामी येईल.

फाइलचं नाव VID- आणि पुढे त्याच दिवसाची तारीख असं होतं. त्यावर जाऊ नका. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप फाइलच्या नावात ती तुमच्या फोनवर आल्याची तारीख घालतं, शूट केल्याची नव्हे. शिवाय पाठवताना व्हिडिओ दाबून लहान केला जातो आणि मूळ फाइलमधली वेळ-ठिकाणाची माहिती बहुधा गळून जाते. हीच दाबादाबी डिटेक्टरचीही पंचाईत करते: बनावटीच्या बारीक खुणा पुसल्या जातात, आणि उलट खऱ्या व्हिडिओतले फुटलेले, चौकटी-चौकटी झालेले भाग त्याला संशयास्पद वाटू शकतात. त्यामुळे ७ टक्क्यांच्या जागी ९० आले असते, तरी मी तेवढ्यावरून तो खोटा म्हटला नसता.

मग मी व्हिडिओ थांबवत-थांबवत तीन-चार स्पष्ट फ्रेमचे स्क्रीनशॉट काढले. वर चिकटवलेली "आत्ताची दृश्यं" ही पट्टी कापून टाकली आणि एकेक फ्रेम गूगल लेन्समध्ये टाकली. काही सापडलं नाही. फ्रेम आडवी उलटवून परत शोधलं, कारण शोधात सापडू नये म्हणून पुष्कळदा व्हिडिओ आरशातल्यासारखा उलटा करून टाकतात. (दुकानाची पाटी किंवा गाडीचा नंबर उलटा दिसला की लगेच कळतं.) तरीही काही नाही. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: जुनी प्रत सापडली तर 'आजचा' हा दावा खोटा ठरतो, पण सापडली नाही म्हणून तो खरा ठरत नाही.

शेवटी उत्तर मिळालं ते चित्रातूनच. पाण्यापलीकडे डेक्कनच्या बाजूला मेट्रोचे खांब दिसत होते, पण ते नुसते उभे होते, वर मार्गिका नव्हती. गरवारे कॉलेजपासून डेक्कनवरून सिव्हिल कोर्टाकडे जाणारी मेट्रो १ ऑगस्ट २०२३ ला सुरू झाली. म्हणजे क्लिप त्याच्या बऱ्याच आधीची. खात्रीसाठी गूगल अर्थमध्ये तिथली जुनी उपग्रह-चित्रं तारखेप्रमाणे मागे नेऊन पाहिली, तेव्हा बांधकामाचा तो टप्पा जुळला. मेट्रोचं काम नदीकाठानं झालं हे आपल्या पथ्यावर पडलं, नाहीतर नुसत्या गढूळ पाण्यावरून वर्ष ओळखणं अवघड आहे.

आवाज मात्र वेगळा तपासा. त्या क्लिपमध्ये "खडकवासल्यातून आत्ताच पाणी सोडलंय" असं कोणीतरी ओरडत होतं, पण चित्र मध्येच तुटून दुसरं दृश्य आलं तरी त्या आवाजात आणि मागच्या वाऱ्यात काडीचाही फरक पडला नाही. आवाज वरून चढवलेला होता. चित्र तपासणारा डिटेक्टर हे पकडत नाही, कारण चित्राला कोणी हातच लावलेला नसतो.

जलसंपदा विभागाचा विसर्गाचा आकडाही बघा. त्या दिवशी धरणातून फारसं पाणी सोडलेलंच नसेल, तर पुलावरून पाणी जाण्याच्या दाव्यावर संशय घ्यायला जागा आहे. पण विसर्ग खरोखरच मोठा असेल, तर या तपासणीचा काही उपयोग नाही, कारण जुनी क्लिपही त्या दिवशी अगदी बरोबर वाटते. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडवर एकतानगरीत पाणी शिरलं होतं. अशा दिवशी लोक घाबरलेले असतात आणि येईल ते पुढे ढकलतात, म्हणून त्याच दिवशी जास्त थांबायला हवं.

तुमच्या व्हिडिओत खांब, पाटी, इमारत असं काहीच धरायला मिळालं नाही, तर ग्रुपवर सरळ लिहा की तारीख ठरवता आली नाही. आणि ज्यानं टाकलाय त्याला विचारा, "तुम्ही स्वतः काढलाय का?" हो म्हणाला, तर मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, तशी पाठवली की ती दाबली जात नाही. सोबत त्याच्या आधी-नंतर काढलेलं काही असेल तर तेही मागा. पुलावर उभं राहून पूर शूट करणारा माणूस सहसा एकच क्लिप काढून घरी जात नाही.