आधी ‘मा’, मग चित्र

‘भाऊ, माझी पत्नी रशियन बोलते, मुलगी पाच वर्षांची आहे आणि मराठी अक्षरे वाचते. वर्षभराने आम्ही गावाहून रशियाला जाणार आहोत. कागदपत्रे कोणती लागतील, आणि तिला रशियन वाचायला घरी कसे शिकवावे?’

कागदपत्रांची माहिती तुम्हाला दूतावासात मिळेल. एवढेच सांगतो की, जन्मदाखल्याच्या भाषांतरातील नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळवून घ्यावे. आमचे जुळले नाही आणि दोन महिने वाया गेले.

आर्वी तालुक्यातील आमच्या गावी मी मुलाला आधी अक्षरांची नावे पाठ करायला लावली, ती माझी मोठी चूक होती. ‘म’च्या रशियन अक्षराचे नाव ‘एम’ असल्यामुळे तो ‘मा’ हे ‘एमा’ असे वाचू लागला, आणि ती सवय मोडायला तीन महिने लागले. मग पत्नीने जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मा, मू, ला, लू, ना, रू, का, खा असे अख्खे अवयव, म्हणजे एका दमात उच्चारायचे शब्दाचे तुकडे, रशियन लिपीत लिहिले. बाराखडीमुळे व्यंजन आणि स्वर एकत्र पाहण्याची मराठी मुलांना सवय असते, ती येथे कामी येते. ओसरीच्या फरशीवर खडूने घरे आखून प्रत्येकात एक अवयव लिहावा. खापरी पडेल तो मुलीने उच्चारावा, आणि दोन घरांचा शब्द जुळला की एक चिंचोका तिचा. लू-ना म्हणजे चंद्र, रू-का म्हणजे हात, मू-खा म्हणजे माशी. एका वेळी आठ-दहा अवयव पुरेत. ‘इ’ आणि ‘ऊ’ यांच्या मधला जो स्वर आपल्याकडे नाही, तो आईनेच शिकवावा.

चित्रांच्या पुस्तकात मूल वाचते आहे की ओळखते आहे, हे पाहत राहावे. मांजराच्या चित्राखाली ‘कोत’ असे छापलेले असताना आमचा मुलगा ‘कोश्का’ म्हणाला. दोन्ही शब्द मांजराचेच, म्हणून मी शाबासकी दिली. परंतु त्याने अक्षरांकडे पाहिलेच नव्हते. तेव्हापासून आम्ही चित्रावर पोस्टकार्ड ठेवत असू आणि शब्द वाचून झाल्यावरच ते उचलत असू.

दुसरी अडचण आघाताची, म्हणजे शब्दातल्या एका स्वरावर जोर देण्याची आहे. दूध या अर्थाचा शब्द ‘मोलोको’ असा लिहितात, पण आघात शेवटच्या स्वरावर असल्याने आधीचे दोन्ही ‘ओ’ ‘अ’कडे झुकतात आणि बोलताना ‘मलाको’ असे काहीसे ऐकू येते. लिहिल्याप्रमाणे वाचणाऱ्या मुलाला मी दर वेळी मध्येच अडवत असे, त्यामुळे तो वाचायलाच घाबरू लागला. आधी तुमच्या मुलीला अवयव पाडून जसेच्या तसे वाचू द्यावे, मग आईने पूर्ण शब्द उच्चारावा आणि मुलीने तो पुन्हा म्हणावा. लहान मुलांच्या पुष्कळ पुस्तकांत आघाताच्या स्वरावर तिरकी रेघ छापलेली असते, तशीच निवडावीत.

रशियात पहिलीत गुण देत नाहीत, तरीही शाळेतल्या बाईंनी माझ्या मुलाला ‘मागे पडलेला’ म्हटले. ते मला अजून सलते, कारण ती भीती माझ्या घाईतून आली होती.

अवयव लिहिलेले पत्ते सोबत न्यावेत. आमचे गावी आईच्या पेटीत राहिले, आणि पहिल्या हिवाळ्यात, पत्नी कामावर गेलेली असताना, बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मी ते एकट्याने पुन्हा लिहिले.