कन्नड घरी जाणाऱ्या लेकीला पत्र लिहिताना

लेक धारवाडच्या कन्नड घरात चालली असेल, तर पत्रात ‘सांभाळून घे’ एवढंच लिहू नका. पहिल्या आठवड्यात लागणारे शब्द द्या. सासू म्हणजे ‘अत्ते’, सासरे ‘माव’. ‘अत्ते’ला आपल्या आत्याशी जोडून दाखवा, लगेच लक्षात राहील. खरी गफलत ‘तायी’ची. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई, त्यामुळे थोरल्या नणंदेला ‘ताई’ म्हटलं की ऐकणारे बुचकळ्यात पडतात. तिथे ‘अक्का’ चालेल, तो दोन्हीकडे मोठ्या बहिणीचाच शब्द.

आदर क्रियापदातही असतो. ‘बा’ म्हणजे ये, ‘बन्नि’ म्हणजे या. नवी सून लहान मुलांना हाक मारताना ऐकलेलं ‘बा’ उचलते आणि नकळत सासऱ्यांनाच म्हणते. म्हणून पत्रात ‘बन्नि’ आधी लिहा. ताटात वाढणं थांबवायला ‘साकु’, म्हणजे पुरे, हेही सांगा.

एवढे शब्द बास; जास्त झाले की पत्राचा शब्दकोश होतो. बाकी पान तुमच्या रोजच्या बोलीत, तिच्या लाडक्या नावाने सुरू करून लिहा. हे पान तिला तिकडे पुन्हापुन्हा उघडावंसं वाटेल, तिथे आपली मराठी कमी कानावर पडणार आहे.