एक मजला चढल्यावर नाडी किती वाढावी?

प्रश्न: बेळगावच्या शहापुरात जुनं घर आहे, आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. 19 पायऱ्या, एकेक 7 इंचाची. वय 46, वजन 78. मी भराभर चढतो, 9 सेकंद लागतात. वर पोचलो की हातातलं घड्याळ 128 दाखवतं. मिसेसचं वजन 58, तिला 17 सेकंद लागतात आणि तिचा आकडा 104. नॉर्मल किती असतं? माझा स्टॅमिना एवढा कमी झालाय का?

उत्तर: या दोन आकड्यांवरून स्टॅमिना ठरत नाही, कारण तुम्ही दोघं एकच काम करत नाही आहात. हिशेब करून बघा. 19 पायऱ्या गुणिले 7 इंच म्हणजे 133 इंच, साधारण 3.38 मीटर उंची. 78 किलो वजन तेवढं वर न्यायला 78 × 9.8 × 3.38, म्हणजे सुमारे 2580 ज्यूल लागतात. ते तुम्ही 9 सेकंदांत उरकता, म्हणजे 287 वॅट. वहिनींचं काम सुमारे 1920 ज्यूल, पण 17 सेकंदांत, म्हणजे 113 वॅट. वजनाचा फरक काढून किलोमागे बघितलं तरी तुमचे 3.7 वॅट आणि त्यांचे 2 पेक्षा थोडे कमी. एवढा फरक असल्यावर तुमची नाडी वर जाणारच. म्हणून आधी वेळ सारखी करा. दोघांनी 17 सेकंदांत चढायचं, म्हणजे दर पायरीला एक सेकंदाहून जरा कमी. कठड्याला धरून स्वतःला ओढायचं नाही आणि हातात पिशवी नको.

आता नाडी कशी चढते ते. स्वस्थ असताना मेंदूकडून हृदयावर एक ब्रेक लावलेला असतो. पहिली पायरी चढताच तो सुटतो आणि दोन-तीन सेकंदांत नाडी वाढायला लागते. पण पायांच्या स्नायूंना पहिले काही सेकंद लागणारी ताकद त्यांच्या आतल्याच साठ्यातून मिळते. तो साठा पुन्हा भरायचं काम नंतर चालू राहतं, त्यामुळे नाडीचा खरा कळस बहुतेक वेळा जिन्यावर येत नाही, वर पोचल्यावर काही सेकंदांनी येतो. एक मजला हा इतका छोटा प्रकार आहे की नाडी स्थिर व्हायच्या आतच जिना संपतो. दोन-तीन मजले सलग चढलात तर आकडा वेगळाच दिसेल, म्हणून त्याची तुलना याच्याशी करू नका.

तुमच्या 128 बद्दल मला एक शंका आहे. 9 सेकंदांत 19 पायऱ्या म्हणजे मिनिटाला 127 पावलं. मनगटाचं घड्याळ हिरव्या उजेडाने कातडीखालच्या रक्ताची हालचाल वाचतं, आणि हात लयीत हलत असेल तर कधीकधी नाडीऐवजी पावलांचीच लय पकडतं. हे ओळखायचं कसं? वर पोचून हात स्थिर ठेवा आणि आकड्याकडे बघत राहा. खरी नाडी असेल तर आकडा आणखी थोडा चढेल किंवा तिथेच रेंगाळेल आणि मग हळूहळू उतरेल. 128 वरून दोन सेकंदांत एकदम 105 वर आला, तर ती पावलं होती. पट्टा सैल असेल तर ही चूक जास्त होते. तो मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर, घट्टसर बांधा.

सगळ्यात खात्रीचं म्हणजे बोटांनी मोजणं. जिन्याखाली दोन मिनिटं नुसतं उभं राहा आणि 15 सेकंदांचे ठोके मोजून चारने गुणा. बसल्या जागेवरून उठून थेट जिन्याकडे जाऊ नका, कारण नुसतं उठण्यानेही नाडी काही सेकंद दहा-वीसने उसळते आणि ती वाढ जिन्याच्या खात्यात जमा होते. मग चढा, वर पोचताच अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवून पुन्हा 15 सेकंद मोजा. बोटं ठेवून नाडी सापडेपर्यंत पाच सेकंद गेले तरी चालतील. एक मिनिट झाल्यावर परत 15 सेकंद. एक ठोका चुकला तर उत्तर चारने चुकतं, म्हणून मध्ये पाच मिनिटं थांबून असं तीनदा करा आणि मधला आकडा धरा.

या सावकाश गतीने साधारण काय दिसतं? दिवसभर खुर्चीत किंवा गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाची उभ्या उभ्या नाडी 80-90 असते आणि वर पोचेपर्यंत 115-130 होते. रोज व्हॅक्सिन डेपोला अर्धा-पाऊण तास झपाझप चालणाऱ्याची 70-80 वरून 95-110 पर्यंत जाते. राजहंसगडापर्यंत सायकल मारणारा किंवा नियमित धावणारा 55-65 वरून 80-95 वर जातो. हे ढोबळ पट्टे आहेत, पाच-दहा ठोक्यांचा फरक मनाला लावून घेऊ नका.

नीट बघा, दुसऱ्या आणि तिसऱ्या माणसाची वाढ जवळपास सारखीच आहे, पंचवीस-तीस ठोके. धावणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून त्याची सुरुवातच खालून होते. त्याचा ब्रेक पटकन सुटतो आणि तितक्याच पटकन परत लागतो. फिटनेस ओळखायचा तो त्या उतरण्यावरून. धावणारा मिनिटभरात जवळजवळ मूळ आकड्यावर येतो. रोज चालणाऱ्याला दीड-दोन मिनिटं लागतात. बैठ्या माणसाची नाडी तीन मिनिटांनंतरही थोडी वरच रेंगाळते. टीएमटीनंतर, म्हणजे चालत्या पट्ट्यावरच्या हृदयतपासणीनंतर, पहिल्या मिनिटात 12 ठोके उतरायला हवेत, हा नियम काही जण इथेही लावतात. तो दमेपर्यंत चालवल्यानंतरचा आहे. एका मजल्यात नाडी वाढतेच मुळात कमी, मग उतरणार तरी किती?

तुमच्या वयाला कमाल नाडी साधारण 208 वजा 0.7 गुणिले वय, म्हणजे 176 च्या आसपास. 128 खरं असलं तरी ते त्याच्या पाऊणपटीच्या आतच आहे. 17 सेकंदांच्या गतीने 110 च्या आसपास आलात आणि दोन मिनिटांत खाली आलात, तर तुम्ही रोज चालणाऱ्यांच्याच जवळपास आहात.

मोजण्याच्या आधी अर्धा तास चहा-कॉफी नको, आणि तंबाखू तर नकोच. आपल्याकडे निपाणी भागात जेवल्यावर चिमूट लावायची सवय बऱ्याच जणांना असते, आणि निकोटिनने नाडी मोजायच्या आधीच वर गेलेली असते. बेळगावच्या उंचीला मात्र दोष देऊ नका. साडेसातशे मीटरवर काही फरक पडत नाही, गोव्याहून आलेल्या पाहुण्यांनाही नाही. ताप, जुलाब, अपुरी झोप असेल तर तो दिवस सोडून द्या. बीपीसाठी मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल चालू असेल तर नाडी दबलेली राहते, त्यामुळे वरचे पट्टे लागू होत नाहीत. गोळी मात्र प्रयोगासाठी बंद करू नका.

सावकाश चढूनही नाडी 140 च्या वर जात असेल, किंवा पाच मिनिटं बसूनही 100 च्या खाली येत नसेल, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. रक्त कमी असलं की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात, आणि बायकांत हे फार वेळा नुसतं 'दम लागतो' म्हणून सोडून दिलं जातं. वहिनींना आधी लागत नसलेला दम आता लागत असेल, तर त्यांचा 104 बरा दिसतोय म्हणून थांबू नका. छातीत आवळल्यासारखं होणं, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, किंवा बोटांखाली ठोके अनियमित लागणं, यातलं काहीही झालं तर मोजत बसू नका, त्याच दिवशी ईसीजी काढा. आराम करूनही छातीतलं दुखणं थांबत नसेल तर थेट 108 ला फोन करा.