३६० व्हिडिओतला खालचा ट्रायपॉड कसा घालवायचा?

"३६० व्हिडिओत खाली ट्रायपॉडचे पाय दिसतात, ते कसे घालवू?"

कॅमेरा हलत नसेल तर फ्रेम फ्रेम पुसत बसू नका, एकच फोटो पुरतो. सपाट फ्रेममध्ये तळ खालच्या कडेला आडवा ताणला जातो, तिथे क्लोन केलं की फरशीच्या रेघा वाकड्या होतात, म्हणून आधी तळ मध्यभागी आणा:

```
ffmpeg -i in.mp4 -vf v360=e:e:pitch=-90 -frames:v 1 f.png
```

मध्ये आकाश आलं तर 90 ठेवा. मग गिंपमध्ये पाय पुसा, उलट चिन्ह देऊन फोटो परत फिरवा आणि एडिटरमध्ये व्हिडिओवरच्या ट्रॅकला ठेवून फक्त तळाची पट्टी मास्क करा, कड फेदर करून. उन्हात सावली सरकते, तेव्हा पॅच वेगळा दिसायला लागतो, मग दर काही मिनिटांनी नवीन पॅच लागतो. आणि शूट संपल्यावर ट्रायपॉड दोन फूट सरकवून रिकाम्या जमिनीचा फोटो घेतलात तर खरीच फरशी चिकटवता येते.